सही, स्कॅन आणि पुरावा : व्यावसायिक करारांचे कागद कसे टिकतात

भारतात बहुतेक व्यावसायिक करारांना सहीची सक्ती नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १० नुसार करार करायला सक्षम असलेल्या व्यक्तींनी स्वखुशीने संमती दिली, मोबदला ठरला आणि हेतू कायदेशीर असला, की करार होतो. तो कागदावर असायलाच हवा असे हे कलम म्हणत नाही. एखाद्या विशिष्ट व्यवहारासाठी दुसऱ्या कायद्याने लेख, साक्षीदार किंवा नोंदणी आवश्यक केली असेल, तरच ती लागते. म्हणून ईमेलवर दिलेला होकार किंवा स्कॅन करून पाठवलेली सही यामुळे करार रद्द होत नाही. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात आलेले कलम १०अ हेच स्पष्ट शब्दांत सांगते : प्रस्ताव आणि स्वीकृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाली, केवळ एवढ्या कारणावरून करार अंमलबजावणीस अपात्र ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या खटल्यात हा प्रश्न तपासला. बॉक्साइटच्या पुरवठ्याचा प्रस्ताव ईमेलने गेला होता आणि होकारही ईमेलनेच आला होता. सविस्तर करारपत्रावर मात्र सह्या झाल्या नव्हत्या. अटी निश्चित होऊन होकार मिळाला असेल, तर औपचारिक करारपत्र नंतर तयार व्हायचे राहिले म्हणून झालेला करार नाहीसा होत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. करार झाला का, हा पहिला प्रश्न आणि झालेला करार नाकबूल करणाऱ्यासमोर तो सिद्ध करता येतो का, हा दुसरा. व्यवहारातले बहुतेक वाद दुसऱ्या प्रश्नावर अडतात. सहीचा प्रकार, स्कॅनचे स्थान आणि कागदपत्रे जपण्याची पद्धत यांचा संबंध मुख्यतः याच प्रश्नाशी येतो.

सह्यांचे तीन प्रकार

बाजारात ‘ई-सही’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी चालतात. पहिली म्हणजे सहीचे चित्र. कागदावरच्या सहीचा फोटो काढून तो पीडीएफच्या शेवटच्या पानावर चिकटवला जातो, किंवा एखाद्या संकेतस्थळावर नाव टाइप करून ‘मान्य’ हे बटण दाबले जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात सहीच्या ज्या पद्धती मान्य आहेत, त्यांत ही बसत नाही. तरीही ती निरुपयोगी नाही, कारण कलम १०अ नुसार करार होण्यासाठी संमती पुरते आणि हे चित्र संमतीची एक खूण असते. अडचण अशी, की हेच चित्र कोणीही दुसऱ्या कागदावर चिकटवू शकतो. त्यामुळे ते कोणी, कधी आणि कोणत्या मजकुरावर लावले, हे बाकीच्या पुराव्यावरून दाखवावे लागते.

दुसरा प्रकार डिजिटल सहीचा. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला, तेव्हापासून या सहीला मान्यता आहे. केंद्र सरकारच्या नियंत्रकाने परवाना दिलेली प्रमाणन संस्था ओळख तपासून प्रमाणपत्र देते. ते साधारणपणे यूएसबी टोकनमध्ये असते आणि त्याची मुदत एक ते तीन वर्षांची असते. सही करताना संगणक दस्तऐवजाच्या संपूर्ण मजकुरावरून ‘हॅश’ नावाची एक ठरावीक लांबीची अक्षरमाला काढतो आणि टोकनमधल्या गुप्त किल्लीने ती बंद करतो. लखोट्यावरच्या लाखेच्या मोहोरेसारखे तिचे काम असते. नंतर मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला, तरी हॅश जुळत नाही आणि छेडछाड उघड होते.

तिसरा प्रकार आधारवर आधारलेल्या ई-साइनचा. २००८ च्या दुरुस्तीने डिजिटल सहीखेरीज इतर पद्धतींनाही वाट मोकळी करून दिली आणि २०१५ मध्ये ई-साइनचा समावेश कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत झाला. सही करणाऱ्याच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो भरला, की त्या एका सहीपुरती किल्ली तयार होते आणि वापर होताच नष्ट केली जाते. या प्रमाणपत्राची मुदत जेमतेम ३० मिनिटांची असते. आतले तंत्र डिजिटल सहीचेच असल्याने मजकुरात बदल झाल्यास तो इथेही कळतो. टोकन विकत घ्यावे लागत नाही, म्हणून लहान व्यावसायिकांना ही पद्धत सोयीची पडते.

या प्रकारांतला फरक न्यायालयात दिसतो. भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आला आहे. त्यानुसार इलेक्ट्रॉनिक सही अमक्याचीच आहे, हे सामान्यतः सिद्ध करावे लागते. मात्र कायद्याच्या व्याख्येत बसणारी ‘सुरक्षित इलेक्ट्रॉनिक सही’ असेल, तर ती त्या व्यक्तीनेच दस्तऐवज मान्य करण्याच्या हेतूने केली, असे न्यायालय गृहीत धरते. मग ती आपली नाही हे दाखवण्याचा भार नाकारणाऱ्यावर पडतो. चिकटवलेल्या चित्राला हे संरक्षण मिळत नाही.

या गृहीतकाची दुसरी बाजूही आहे. अनेक व्यावसायिक आपले टोकन आणि त्याचा पिन करसल्लागाराच्या कार्यालयात ठेवून देतात. त्या टोकनने कोणीही सही केली, तरी कागदोपत्री ती मालकाचीच ठरते. गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवणे ही कायद्याने प्रमाणपत्रधारकावर टाकलेली जबाबदारी आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मालकाने पिन आपणहून दिला असेल, तर लबाडी सिद्ध करणे त्याला फार अवघड जाते.

स्कॅन प्रतीचे स्थान

कागदावर शाईने सही केलेल्या कराराचा मूळ पुरावा म्हणजे तो कागद. त्याचा स्कॅन हा दुय्यम पुरावा. कायदा दुय्यम पुरावा ठरावीक परिस्थितीतच स्वीकारतो. मूळ कागद विरुद्ध पक्षाच्या ताब्यात असेल आणि नोटीस देऊनही तो हजर करत नसेल, तर स्कॅन चालतो. मूळ कागद हरवला किंवा नष्ट झाला असेल तरीही चालतो, पण त्यात पुरावा देणाऱ्याचा स्वतःचा दोष किंवा हलगर्जी नसावी. ‘सगळे स्कॅन झाले आहे’ म्हणून मूळ करार रद्दीत देणाऱ्याला ही अट नडते, कारण कागद त्याने स्वतःच नष्ट केलेला असतो.

दोन गावांतले पक्ष बऱ्याचदा एकाच मजकुराच्या दोन प्रती छापतात. प्रत्येक जण आपल्या प्रतीवर सही करून स्कॅन दुसऱ्याला पाठवतो. अशा प्रतिलेखांबाबत कायदा स्पष्ट आहे : ज्याने प्रतीवर सही केली, त्याच्याविरुद्ध ती प्रत मूळ पुरावा ठरते. पण शाईची सही असलेली ती प्रत असते त्याच्याच कपाटात आणि समोरच्याकडे फक्त स्कॅन येतो. म्हणून ‘वेगवेगळ्या प्रतींवर केलेल्या सह्या मिळून एकच करार होतो आणि स्कॅन प्रती दोघांनाही मान्य आहेत’ असे कलम करारात घालणे आणि मूळ प्रती कुरियरने अदलाबदल करणे, या दोन्ही गोष्टी कराव्यात.

डिजिटल सहीच्या दस्तऐवजात नेमके उलटे होते. तिथे मूळ असते ती संगणकातली फाइल आणि छापील पान ही केवळ तिची नक्कल. छापलेल्या पानावर हिरवी खूण दिसत असली, तरी ती तपासता येत नाही. तीच पाने पुन्हा स्कॅन केली, फाइल दुसऱ्या पीडीएफला जोडली, आकार कमी करायला एखाद्या संकेतस्थळावर चढवली किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केली, की सही तुटते किंवा फक्त तिचे चित्र उरते. ॲडोबी रीडरमध्ये फाइल उघडून वरची पट्टी वाचली, की हे कळते. ‘Signed and all signatures are valid’ असे दिसले तर सही शाबूत आहे. ‘At least one signature has problems’ असे दिसले, तर सहीचा तपशील उघडून कारण पाहावे लागते. मजकूर बदलला असेल तर फाइल संशयास्पद ठरते. मात्र सही करणाऱ्याची ओळख पटत नाही एवढेच लिहिले असेल, तर बहुधा त्या संगणकात भारताच्या नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र विश्वसनीय म्हणून नोंदवलेले नसते. ते नोंदवून सही पुन्हा तपासता येते. सही करायची राहिलेल्या, नुसते चित्र चिकटवलेल्या फाइलवर अशी पट्टी येतच नाही.

कुठे ई-सही चालत नाही

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या दस्तऐवजांना हा कायदा लागू होत नाही. मृत्युपत्र आणि विश्वस्तपत्र त्यात येतात. धनादेश सोडून इतर परक्राम्य पत्रे आणि मुखत्यारपत्रही येतात. सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेने यातल्या काहींना सवलत मिळाली. उदाहरणार्थ, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या वित्तसंस्थेच्या नावे दिलेली वचनचिठ्ठी आता इलेक्ट्रॉनिक असू शकते. पण दोन व्यापाऱ्यांमधली वचनचिठ्ठी कागदावरच हवी. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा उल्लेख त्याच अधिसूचनेने अनुसूचीतून काढला, तरी नोंदणी कायद्याची सक्ती कायम आहे. महाराष्ट्रात जागेच्या भाडेकरारालाही नोंदणी लागते. त्यामुळे गाळा किंवा गोदाम भाड्याने घेताना दोघांनी ई-साइन केलेली पीडीएफ पुरेशी ठरत नाही.

मुद्रांकाचे बंधनही सहीच्या प्रकाराने टळत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात ‘दस्तऐवज’ या शब्दात इलेक्ट्रॉनिक अभिलेखही येतो. म्हणजे ईमेलवर सही होऊन आलेल्या कराराला कागदी कराराइतकेच मुद्रांक शुल्क आहे. अनेक सर्वसाधारण करारांना पूर्वी १०० रुपयांचा मुद्रांक लागत असे. ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० रुपये झाला आहे. शुल्क सहीच्या आधी, सहीच्या दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे असते. मुद्रांक नसला म्हणून करार रद्द होत नाही, फक्त तो पुराव्यात घेता येत नाही. थकलेले शुल्क आणि दंड भरला, की हा दोष दूर होतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. मात्र विनामुद्रांक कागदाच्या नुसत्या प्रतीवर दंड भरून ती नियमित करून घेता येत नाही, असे न्यायालयाचे जुने निर्णय आहेत. मूळ कागद सांभाळण्याला हे आणखी एक कारण.

एक उदाहरण

समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका शीतगृहाने यंत्रांच्या देखभालीचे काम पुण्याच्या एका सेवा-कंपनीला दिले. दरमहा ४५,००० रुपये, मुदत १२ महिने, म्हणजे एकूण ५,४०,००० रुपये. करार संपवायचा तर ३० दिवसांची लेखी सूचना. कंपनीने मसुदा ईमेलने पाठवला. शीतगृहाच्या व्यवस्थापकाने त्यावर मालकाच्या सहीचे चित्र चिकटवून फाइल परत केली. कंपनीने तिची छापील प्रत काढली, त्यावर शाईने सही केली आणि स्कॅन करून पाठवली. मुद्रांक कोणी लावला नाही. सात महिने काम झाले आणि शेवटच्या दोन महिन्यांचे ९०,००० रुपये थकले. मालक म्हणू लागला, ‘मी सहीच केलेली नाही. व्यवस्थापकाला तसा अधिकार नव्हता.’

कंपनीकडची पीडीएफ एकटीने फारसे काही सिद्ध करत नाही. पण तिच्याभोवती बरेच काही असते. व्यवस्थापकाचा ईमेल शीतगृहाच्या अधिकृत पत्त्यावरून आला होता आणि त्याची प्रत मालकालाही गेली होती. पाच महिन्यांची बिले मालकाच्या खात्यातून चुकती झाली होती. दर भेटीच्या सेवा-अहवालावर शीतगृहाच्या कर्मचाऱ्यांच्या सह्या होत्या. जीएसटी बिलांवर कराराची तारीख होती. मालकाने पाच महिने पैसे दिले आणि सेवा घेतली, यावरून करार झाला होता आणि व्यवस्थापकाच्या कृतीला मालकाची संमती होती, असा निष्कर्ष काढायला न्यायालयाला भक्कम आधार मिळतो. मुद्रांकाचा दोष कंपनीला स्वतःच्या सहीची कागदी प्रत दाखल करून, शुल्क आणि दंड भरून दूर करता येण्यासारखा आहे.

खरी परीक्षा पुरावा दाखल करताना होते. ईमेलची छापील प्रत न्यायालयात द्यायची, तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग त्या संगणकाची किंवा फोनची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. उपकरणाचा प्रकार, क्रमांक आणि फाइलचा हॅश त्यात लिहावा लागतो. ही सक्ती नवी नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात, निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडींबाबत हाच मुद्दा उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या कायद्याखाली हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. मूळ लॅपटॉप किंवा फोनच त्याच्या मालकाने साक्षीच्या वेळी हजर केला, तर त्याची गरज नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

उदाहरणातल्या कंपनीने नवा संगणक घेताना जुना विकून टाकला असेल आणि ईमेलचे फक्त स्क्रीनशॉट ठेवले असतील, तर प्रमाणपत्र देणार कोण आणि कोणत्या उपकरणाविषयी, हा प्रश्न उरतो. मूळ ईमेल खात्यात जसाच्या तसा असेल, तर हे काम सोपे होते. सुरुवातीलाच मालकाने ओटीपी भरून ई-साइन केले असते आणि त्याच दिवशी ५०० रुपये भरले असते, तर या वादातले दोन्ही मुद्दे उद्भवलेच नसते.

काय ठेवावे, कसे आणि किती काळ

इलेक्ट्रॉनिक नोंदी कशा जपाव्यात, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. नोंद पुढे उघडता आणि वापरता यायला हवी. ती मूळ स्वरूपात, किंवा मूळ मजकूर अचूक दाखवता येईल अशा स्वरूपात असावी. ती कोठून आली, कोठे गेली, कोणत्या तारखेला आणि वेळेला, हेही तिच्यासोबत राहायला हवे. स्क्रीनशॉट इथेच कमी पडतो. त्यात मजकूर दिसतो, पण ईमेलच्या शीर्षात दडलेला प्रवासाचा तपशील येत नाही. म्हणून महत्त्वाचे ईमेल खात्यातून न पुसता, शिवाय .eml स्वरूपात उतरवून ठेवावेत. व्हॉट्सॲपवर अटी ठरल्या असतील, तर संभाषण जोडण्यांसह निर्यात करावे आणि वाद मिटेपर्यंत तो फोन मोडीत काढू नये.

प्रत्येक करारासाठी एकच फोल्डर पुरेसा असतो. त्यात सहीची अंतिम फाइल, मुद्रांकाचे चलन, सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव किंवा पत्र, मसुदा पाठवल्याचा आणि मान्य केल्याचा ईमेल, नंतरच्या दुरुस्त्या आणि ई-साइन सेवेने दिलेला नोंदपट असावा. या नोंदपटात कोणी, केव्हा आणि कोणत्या पत्त्यावरून फाइल उघडली आणि सही केली हे असते. चित्राची सही वापरली असेल, तेव्हा त्याचे मोल अधिक. सहीच्या फाइलला हात न लावता कामासाठी तिची वेगळी प्रत वापरावी. विंडोज संगणकावर फाइलचा हॅश एका ओळीच्या आज्ञेने निघतो :

```
certutil -hashfile karar.pdf SHA256
```

आलेली अक्षरमाला करार झाला त्याच दिवशी दुसऱ्या पक्षाला ईमेलने कळवून ठेवली, तर काही वर्षांनी तीच फाइल तशीच आहे हे दाखवता येते. तारीख आधी लिहून नावे दिली, उदाहरणार्थ `2025-04-01_dekhbhal-karar_antim.pdf`, तर कोणता मसुदा अंतिम होता यावर गोंधळ होत नाही. कागदी करार स्कॅन करताना कोरी पाठपाने आणि मुद्रांकाची मागची बाजूसुद्धा सोडू नये. ३०० डीपीआयचा रंगीत स्कॅन शिक्के आणि शाई स्पष्ट दाखवतो. फोल्डरची एक प्रत कार्यालयाबाहेर ठेवावी आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहावी. जुनी डिस्क चालत नाही, हे बहुधा गरज पडते तेव्हाच कळते.

जपण्याची मुदत अनेक कायद्यांवरून ठरते. करारभंगाचा दावा भंग झाल्यापासून तीन वर्षांत करायचा असतो. पण त्या मुदतीत देणेदाराने सहीनिशी लेखी कबुली दिली, किंवा काही रक्कम देऊन त्याची लेखी नोंद झाली, तर मुदत नव्याने सुरू होते. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, तर कंपनीची हिशेबपुस्तके आणि त्यांच्याशी संबंधित पावत्या आठ आर्थिक वर्षे. या सगळ्यांना पुरेल असा नियम म्हणजे करार संपल्यापासून किंवा शेवटचे पैसे चुकते झाल्यापासून, यांपैकी जे नंतर घडेल तेथून आठ पूर्ण आर्थिक वर्षे. वाद किंवा करचौकशी सुरू असेल, तर ती संपेपर्यंत काहीही नष्ट करू नये. मालमत्तेचे कागद आणि दीर्घ मुदतीचे परवाना करार या नियमात बसत नाहीत. हक्क टिकून आहे तोवर ते ठेवावेत.